टीव्हीला खरंच काय मिळतंय?

खोक्यावर ‘४के’ लिहिलेलं असतं, पडद्याच्या कोपऱ्यावर ‘एचडीआर’चं स्टिकर असतं, साउंडबारवर ‘डॉल्बी ॲटमॉस’ असं कोरलेलं असतं. हे सगळं त्या उपकरणाला काय करता येतं ते सांगतं. आत्ता, या क्षणी, त्याच्यापर्यंत काय पोचतंय हे त्यातलं काहीच सांगत नाही. ते कळण्याची सोय बहुतेक टीव्हींमध्ये असते, पण तिकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं.

टीव्हीच्या रिमोटवर i, INFO किंवा DISPLAY असं बटण असेल, तर एचडीएमआय इनपुट चालू असताना ते दाबा. काही सेकंद एक पट्टी दिसते आणि तीत `1920x1080i 50Hz` किंवा `3840x2160p 60Hz` अशी ओळ असते. ते बटण टीव्हीच्याच रिमोटवरचं हवं. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवरच्या i बटणाने कार्यक्रमाचं नाव आणि वेळ कळते, सिग्नल कळत नाही. हल्लीच्या छोट्या रिमोटवर हे बटण बहुधा नसतंच. मग ही माहिती सेटिंग्जमध्ये शोधावी लागते, किंवा गेम मोड चालू केल्यावर जी छोटी पट्टी येते तीत ती सापडते.

ही ओळ वाचण्याआधी तिची मर्यादा लक्षात घ्यायला हवी. एचडीएमआयच्या भोकातून जे आत आलं, तेवढंच ती सांगते. ते मुळात कसं होतं आणि वाटेत कोणी त्याचं काय केलं, हे तिला ठाऊक नसतं. याचा पडताळा घ्यायला सेट-टॉप बॉक्स पुरेसा आहे.

आपल्याकडे साधी वाहिनी म्हणजे एसडी. तिच्या चित्रात उभ्या दिशेने ५७६ ओळी असतात. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा जी ६२५ ओळींची पाल पद्धत घेतली गेली, तिच्यातल्या प्रत्यक्ष दिसणाऱ्या ओळी या ५७६. एचडी वाहिनी बहुतेक वेळा १०८० ओळींची असते आणि तिच्या आकड्यापुढे i असतो. i म्हणजे एका वेळी निम्म्याच ओळी पाठवल्या जातात, आधी विषम, मग सम. p असेल तर प्रत्येक चित्र पूर्ण येतं.

आता एचडी वाहिनी लावा, टीव्हीची ओळ वाचा, आणि मग एसडी वाहिनीवर जा. ओळ 1080 वरून 576 वर आली, तर बॉक्स वाहिनी जशी येते तशीच पुढे पाठवतोय. ओळ हलली नाही, तर बॉक्स प्रत्येक वाहिनी एकाच मापात ताणून पाठवतोय. बहुतेक घरांत हा दुसरा प्रकार दिसेल. म्हणजे जुन्या मालिकेचं धूसर चित्र समोर असताना टीव्ही 1080 लिहितो, आणि त्याच्यापुरतं ते खरंच असतं. बॉक्सला ४के पाठवता येत असेल आणि सेटिंग तसं असेल, तर तीच एसडी वाहिनी `3840x2160` म्हणूनही झळकेल. चित्रातला तपशील मात्र तेवढाच राहील.

स्ट्रीमिंग स्टिकचंही असंच आहे. स्टिक ४के पाठवायला लावलेली असेल तर मुख्य मेन्यू, जाहिरात, मोबाइलवर काढलेला जुना व्हिडिओ, सगळं `2160p` होऊन येतं. ॲपने चित्रपट कुठल्या दर्जात दिला हे त्या ॲपमध्येच बघावं लागतं. यूट्यूबवर सेटिंग्जमधून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ चालू केलं की `Current / Optimal Res` या शब्दांपुढे दोन मापं दिसतात, सध्याचं आणि शक्य असलेलं. तिथे 1920x1080 आणि टीव्हीच्या ओळीत 3840x2160 असेल, तर उरलेले बिंदू स्टिकने भरून काढलेले आहेत. टीव्हीतच बसवलेल्या ॲपसाठी एचडीएमआयची ओळ मुळीच कामाची नाही, कारण तो सिग्नल त्या भोकातून आलेलाच नसतो.

रेझोल्यूशनच्या आकड्याला लोक फार मान देतात. माझ्या मते त्याच ओळीतला त्याच्या पुढचा आकडा, Hz चा, अधिक उपयोगाचा आहे, कारण तो चुकीचा असला तर चित्र बिघडलेलं डोळ्यांना दिसतं आणि बहुधा ते घरच्या घरी दुरुस्त करता येतं.

Hz म्हणजे दर सेकंदाला टीव्हीकडे किती वेळा चित्र येतं ते. भारतातलं प्रसारण ५०च्या हिशेबावर उभं आहे, अमेरिकेतलं आणि जपानमधलं ६०च्या. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतले जातात. आणि बाजारातल्या पुष्कळ स्टिक, कोणी सांगितलं नाही तर, काहीही लावलं तरी 60Hz नेच पाठवत राहतात.

क्रिकेटचं उदाहरण घेऊ. समजा सामना ॲपवर सेकंदाला ५० चित्रांनी येतोय आणि स्टिक 60Hz वर अडकलेली आहे. दर सेकंदाला ६० जागा भरायच्या आहेत आणि हाताशी चित्रं ५०च आहेत. म्हणून स्टिक दर पाच चित्रांमागे एक दोनदा दाखवते. फलंदाज स्थिर उभा असताना हे कळत नाही. फटका बसतो, कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे झरकन वळतो, तेव्हा कळतं. मागचे जाहिरातफलक सरळ सरकण्याऐवजी गचके खात सरकतात, सेकंदाला दहा वेळा, एका ठरावीक तालात. हा ताल महत्त्वाचा आहे. इंटरनेट मंद असेल तर चित्र थांबतं, गोल फिरू लागतं किंवा चौकटी पडून फुटतं, आणि तेही वेळी-अवेळी. नियमित गचका आणि तोही फक्त कॅमेरा फिरताना दिसत असेल, तर इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी टीव्हीची ओळ वाचा. सामना चालू असताना तिथे 60Hz दिसलं, तर संशय पक्का होत जातो.

यावर दोन उपाय आहेत. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेटशी जुळवून घेण्याचा पर्याय असतो. फायर टीव्हीवर त्याचं नाव `Match Original Frame Rate`, ॲपल टीव्हीवर `Match Frame Rate`. तो चालू करा, ॲप बंद करून सामना पुन्हा लावा. पडदा एक-दोन सेकंद काळा होईल. घाबरायचं कारण नाही, टीव्ही आणि स्टिक नव्या वेगावर जुळत असतात. मग ओळ परत वाचा. आता 50Hz दिसलं तर काम झालं. अजूनही 60Hz असेल तर ते ॲप ही सोय वापरत नाही, किंवा सामना मुळात ५० चित्रांचा नाही. तेव्हा दुसरा उपाय करून बघा: त्याच सेटिंगमध्ये 50Hz हाताने निवडा. गचका गेला तर अंदाज बरोबर होता. फक्त सामना संपल्यावर ते परत मूळ जागी आणायला हवं, नाहीतर अमेरिकेतल्या, ३० किंवा ६० चित्रांच्या व्हिडिओला आता उलटा गचका बसेल.

चित्रपटात हिशेब आणखी वाकडा होतो. ६० जागा आणि २४ चित्रं, म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा, असं आळीपाळीने चालतं. डोंगररांगेवरून कॅमेरा संथ सरकतो तेव्हा ते अडखळणं जाणवतं. फ्रेम रेट जुळवल्यावर ओळीत 24Hz येतं. ते बघून टीव्हीचा वेग कमी झाला असं पुष्कळांना वाटतं. ओळ येणाऱ्या सिग्नलबद्दल बोलते, पडद्याबद्दल नाही. १२० हर्ट्झच्या पडद्याला 24 मिळालं तर तो प्रत्येक चित्र बरोबर पाच वेळा दाखवतो, आणि म्हणूनच चाल सरळ होते.

लॅपटॉप जोडणाऱ्यांना याच ओळीत कधी कधी `3840x2160 30Hz` सापडतं आणि माउसचा बाण पडद्यावर ओढल्यासारखा चालतो. तिथे अडचण मार्गाच्या रुंदीची असते. एचडीएमआय १.४ मधून सेकंदाला १०.२ गिगाबिट जातात, त्यात ४के ३०च्या पुढे जात नाही. एचडीएमआय २.० मध्ये १८ गिगाबिट जातात आणि ६० मावतात. लॅपटॉप, केबल आणि टीव्हीचं भोक या तिघांपैकी सर्वांत अरुंद जे असेल त्यावर सगळं ठरतं. पुष्कळदा दोष यातल्या कशातच नसतो, टीव्हीने ते भोक सेटिंगमध्येच साधं ठेवलेलं असतं. सोनीत `HDMI signal format`, सॅमसंगमध्ये `Input Signal Plus`, एलजीत `HDMI Deep Colour` या नावांचं सेटिंग असतं आणि ते प्रत्येक भोकासाठी वेगळं लावायचं असतं. विंडोज ११ मध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानावर `Active signal mode` असं लिहिलेलं असतं. तो आकडा आणि टीव्हीची ओळ एकमेकांशी जुळायला हवी.

आवाजाची ओळ टीव्हीच्या पट्टीत असेलच असं नाही. असली तर `PCM`, `Dolby Digital`, `Dolby Digital Plus` किंवा `Dolby Atmos` यांपैकी काहीतरी असतं. PCM म्हणजे आधीच उलगडून आलेला आवाज. तो दर्जाने कमी असतो असं मुळीच नाही, काही उपकरणं पाचही वाहिन्या PCM करूनच पाठवतात. बघायचं ते PCM पुढच्या आकड्याकडे: 2.0 म्हणजे दोनच वाहिन्या, 5.1 म्हणजे भोवतालच्या आवाजासकट सहा.

साउंडबार टीव्हीच्या एआरसी भोकाला जोडला असेल तर तपासणी दोन ठिकाणी करावी लागते. पाच वाहिन्यांचा आवाज आहे अशी खात्री असलेला चित्रपट लावा. स्टिकमधून टीव्हीत काय आलं ते टीव्हीच्या ओळीत बघा, आणि टीव्हीतून पुढे काय गेलं ते साउंडबारच्या छोट्या पडद्यावर किंवा त्याच्या मोबाइल ॲपमध्ये बघा. टीव्हीतच PCM 2.0 येत असेल, तर गडबड स्टिकच्या, ॲपच्या किंवा निवडलेल्या भाषेच्या ट्रॅकमध्ये आहे. मूळ भाषेत ॲटमॉस आणि डब केलेल्या आवाजात फक्त दोन वाहिन्या, हे नेहमी आढळतं. टीव्हीत डॉल्बी येतंय आणि साउंडबारवर PCM दिसतंय, तर टीव्हीचं डिजिटल साउंड आउटपुट PCM वर आहे. ते `Auto` किंवा `Pass Through` वर न्या.

केवळ कानांवर विसंबून हे ठरवता येत नाही, कारण दोन वाहिन्यांचा आवाज पसरवून भोवताली फिरवण्याचं काम साउंडबार स्वतःच करतात आणि ते बरंही वाटतं. एक गैरसमज मात्र सोडून द्यायला हवा: ॲटमॉससाठी ईएआरसी लागतंच, असा. स्ट्रीमिंगमधलं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसवर बसून येतं आणि साध्या एआरसीतून जाऊ शकतं. ईएआरसी लागतं ते ब्लू-रे डिस्कवरच्या डॉल्बी ट्रूएचडीला. ऑप्टिकल केबलवर मात्र दोन्हींपैकी एकही जात नाही. तिथे साउंडबारवर `Dolby Digital` एवढंच दिसलं, तर ती केबल तिच्या परीने पूर्ण काम करते आहे.