पंप किती फुटांवर सोडायचा?

बोअर 300 फूट आहे म्हणून पंपही 280 फुटांवर सोडायचा, हा हिशेब चुकीचा आहे. खोली ठरवते ती पाण्याची पातळी, आणि ती दोनदा मोजावी लागते.

पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी वजन बांधलेली दोरी सोडा. समजा पाणी 60 फुटांवर लागले, तर ती स्थिर पातळी. आता तात्पुरता पंप खोलवर सोडून चालवा आणि दर पंधरा मिनिटांनी मोजत राहा. पाणी 90, 120 असे उतरत 150 फुटांवर थांबले आणि तासभर तिथेच राहिले, तर ती चालू पातळी. पंप तिच्याखाली तीसेक फूट, म्हणजे 180 फुटांवर बसवावा. त्याहून खोल गेल्यास पाइप आणि केबलचा खर्च वाढतो, तळाजवळ गाळही ओढला जातो.

पातळी थांबतच नसेल, तर झऱ्यांतून येते त्यापेक्षा जास्त पाणी आपण उपसतो आहोत. तेव्हा व्हॉल्व्ह आवळा किंवा लहान पंप घ्या. पाण्यासोबत हवेचे फटकारे येऊ लागले आणि अँपिअर घसरले, तर पंप लगेच बंद करा.

हे मोजमाप मे महिन्यातच करा. पावसाळ्यानंतरची पातळी उन्हाळ्यात टिकत नाही.