डेंग्यू आधी की लेप्टो आधी?

हिंदमाताला पाणी तुंबले की पुढच्या एक-दोन आठवड्यांत परळ-लालबागच्या ओपीडीत तापाच्या रुग्णांची रांग लागते. निवासी डॉक्टर केसपेपरवर दोन ओळी लिहितो : ‘३ दिवस ताप, अंग दुखते, डोके दुखते, उलटी १ वेळ. पाण्यातून चालत आले.’ अशा शेकडो नोंदी वाचून कोणत्या वस्तीत कोणता ताप वाढतो आहे, हे पाहायला माणसे पुरत नाहीत. म्हणून हे वर्गीकरण एआयच्या भाषा-मॉडेलकडून करून घेण्याची कल्पना पुढे येते. माझ्या एका सहकाऱ्याने मॉडेलला दिलेली सूचना अशी होती :

```
खालील नोंद वाचा. एकच पर्याय निवडा:
डेंग्यू / मलेरिया / लेप्टो / इतर
```

वरच्यासारख्या एका नोंदीला उत्तर आले ‘डेंग्यू’. मी त्याला म्हटले, ‘आता लेप्टो पहिला लिही.’ नोंदीतले अक्षरही बदलले नव्हते, पण उत्तर ‘लेप्टो’ झाले. लेप्टोवर वेळेत प्रतिजैविक सुरू झाले नाही तर मूत्रपिंड आणि फुप्फुसापर्यंत प्रकरण जाते. म्हणून हा बदल मला क्षुल्लक वाटला नाही.

हे का होते? मॉडेल रुग्ण तपासत नाही. समोरच्या मजकुरानंतर कोणता शब्द येणे संभवनीय, हे ते ठरवते आणि त्या मजकुरात आपली सूचनाही असते. २०२१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी जीपीटी-३ वर दाखवले की सूचनेत शेवटी आलेल्या उत्तराकडे ते झुकते. दुसरी मॉडेल पहिल्या पर्यायाकडे, तर काही ‘अ’, ‘ब’ अशा अक्षरांपैकी एखाद्याकडे झुकलेली आढळली आहेत. त्यामुळे झुकाव कुठे आहे, हे आपल्या मॉडेलवर आपणच पाहावे लागते. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल आहेत, असे स्पष्ट लिहिले असेल तर क्रमाचा फरक सहसा पडत नाही. फरक पडतो तो धूसर नोंदींत, आणि आपल्या नोंदी बहुतेक धूसरच असतात.

तपासणी सोपी आहे. समजा, नाव-पत्ता काढलेल्या १०० नोंदी घेतल्या. आधी काहीही न बदलता तीच सूचना चार वेळा द्यायची, कारण काही मॉडेल त्याच प्रश्नाला आपसूकच वेगळे उत्तर देतात. समजा, ४ नोंदींची उत्तरे डळमळली. ही झाली पायाची पातळी. ती न मोजता केलेली तुलना फसवी.

मग क्रम फिरवायचा. पहिला पर्याय शेवटी टाकायचा, असे चार फेऱ्यांत प्रत्येक पर्याय प्रत्येक जागी एकदा येतो. सगळे २४ क्रम करायची गरज नाही. समजा, आता १९ नोंदी डळमळल्या. चारवरून एकोणीस, म्हणजे क्रमाचा प्रभाव आहे. तो कुठल्या दिशेने आहे, हे मोजायचीही युक्ती आहे. मॉडेल ठाम असते तर ४०० उत्तरांत पहिल्या जागेचा पर्याय बरोबर १०० वेळा निवडला गेला असता, मग रुग्णांत डेंग्यू जास्त असो वा मलेरिया. तो ११८ वेळा आला, तर पहिल्या जागेकडे ओढा आहे.

शब्दांची परीक्षा वेगळी घ्यायची, क्रम तोच ठेवून, एका वेळी एकच बदल. ‘लेप्टो’ऐवजी ‘लेप्टोस्पायरोसिस’ लिहिले तर उत्तर बदलू नये. पण ‘इतर’ऐवजी ‘माहिती अपुरी’ लिहिले आणि उत्तर बदलले, तर दोष मॉडेलचा नाही. तिथे प्रश्नच बदलला. ही गल्लत मी हुशार माणसांकडूनही पाहिली आहे. माझ्या मते ‘माहिती अपुरी’ हा पर्याय असायलाच हवा. नाहीतर मॉडेलला आपण अंदाज बांधायला भाग पाडतो. तो ठेवल्यावर एक कोरी नोंद देऊन पाहा. तिलाही ‘डेंग्यू’ उत्तर आले, तर कल रुग्णाच्या लक्षणांतून आलेला नाही, हे उघड आहे.

डळमळलेल्या १९ नोंदींचे काय? चार फेऱ्यांत बहुमत घेता येते, पण ताप पाहणाऱ्या डॉक्टरला बहुमतापेक्षा मतभेदच कामाचा. त्या नोंदी बाजूला काढून माणसाने वाचाव्यात आणि रुग्णाला रक्ततपासणीला बोलवावे.

आणि उरलेल्या ८१? त्या स्थिर आहेत, एवढेच कळले. प्रत्येक तापाला ‘मलेरिया’ म्हणणारे मॉडेल क्रम कितीही फिरवला तरी स्थिरच राहील. म्हणून शेवटी त्याच १०० रुग्णांचे प्रयोगशाळेचे अहवाल काढावे लागतात : मलेरियाची रक्ताची काच, डेंग्यूची एनएस-१, लेप्टोची आयजीएम. लेप्टोची आयजीएम पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा ती पुन्हा करावी लागते. सहकाऱ्याचे काम सध्या इथेच थांबले आहे, दुसऱ्या नमुन्याच्या अहवालांवर.