नाव एकच, फोल्डर दोन

एका लग्नाचे फोटो दोन कॅमेऱ्यांनी काढले आहेत असं धरू. पहिल्या कॅमेऱ्याचे ३०० फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर `Lagna` नावाच्या फोल्डरमध्ये आहेत. दुसऱ्याचे ४० फोटो लॅपटॉपवर आहेत आणि त्या फोल्डरचं नावही `Lagna`च आहे. आता लॅपटॉपवरचा फोल्डर माउसने ओढून डिस्कवर सोडला, तर डिस्कवर किती फोटो उरतील? विंडोजवर आणि मॅकवर या प्रश्नाची उत्तरं वेगळी येतात, आणि फरक थोडाथोडका नाही.

विंडोजच्या लेखी फोल्डर म्हणजे फायली ठेवायची जागा. त्या नावाची जागा आधीच असेल, तर नव्या फायली तिथेच नेऊन ठेवायच्या, म्हणजे दोन्ही फोल्डर एकत्र करायचे. विंडोज ७ हे करण्याआधी विचारत असे. विंडोज ८ पासून तो प्रश्नही सहसा येत नाही. तो परत हवा असेल, तर 'Folder Options'च्या 'View' टॅबमध्ये 'Hide folder merge conflicts' समोरची खूण काढून टाकावी.

विंडोज अडतं ते आतल्या फायलींची नावं जुळली तरच. कॅमेरे फोटोंना `IMG_0001.JPG` अशी क्रमाने नावं देतात, त्यामुळे दोन कॅमेऱ्यांच्या अगदी वेगळ्या फोटोंचं नाव एकच असू शकतं. आपल्या उदाहरणात अशी पाच नावं जुळतात असं समजू. तेव्हा समोर तीन पर्याय येतात. 'Replace' निवडलं की फोटो ३३५ होतात, पण डिस्कवरचे पाच जुने फोटो पुसले जातात. ते रिसायकल बिनमध्येही सापडत नाहीत. 'Skip' निवडलं तरी संख्या ३३५च होते, फक्त पाच नवे फोटो लॅपटॉपवरच राहतात. तिसरा पर्याय प्रत्येक फाइलचा निर्णय स्वतः घेण्याचा. त्यात दोन्ही बाजूंना खूण केली, तर नव्या फोटोच्या नावापुढे `(2)` लागतं आणि सगळे ३४० फोटो शाबूत राहतात. आपल्याला हवा तो हाच.

मॅकचा फाइंडर फोल्डरकडे एकसंध वस्तू म्हणून पाहतो. एका फाइलवर त्याच नावाची दुसरी फाइल ठेवली की जुनी जाते आणि नवी येते. फोल्डरलाही तो तोच न्याय लावतो. म्हणून तो विचारतो, या नावाची वस्तू इथे आहे, ती बदलायची का? विंडोजची सवय झालेला माणूस 'Replace' दाबतो आणि फोल्डर एकत्र होतील असं धरून चालतो. प्रत्यक्षात डिस्कवरचा जुना फोल्डर पूर्ण जातो आणि तिथे ४० फोटो उरतात. पहिल्या कॅमेऱ्याचे ३०० फोटो गेलेले असतात, त्यांची नावं कशाशी जुळत असोत वा नसोत.

या पद्धतीमागे कारण आहे. मॅकवर अनेक ॲप्लिकेशन्स म्हणजे खरं तर एका आयकॉनमागे दडलेले फोल्डर असतात. ॲपच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीतल्या फायली एकमेकांत मिसळल्या, तर ते ॲप बिघडू शकतं. तिथे जुनं काढून नवं ठेवणंच योग्य असतं. फोटोंच्या फोल्डरला मात्र तोच नियम महागात पडतो.

मॅकवर फोल्डर एकत्र करण्याची सोय आहे, पण ती सहज दिसत नाही. Option कळ दाबून धरून फोल्डर ओढला, तर 'Merge' हे बटण येऊ शकतं. 'येऊ शकतं' म्हणण्याचं कारण असं, की ॲपलच्याच माहितीनुसार एका फोल्डरमध्ये दुसऱ्यात नसलेलं काही असेल तरच ते दिसतं. एकाच नावाच्या वेगवेगळ्या फायली दोन्हीकडे असतील, तर 'Stop' आणि 'Replace' एवढेच पर्याय मिळतात. आपल्या पाच फोटोंचा पेच नेमका इथेच येतो.

म्हणून मॅकवर सर्वांत साधा उपाय म्हणजे ओढण्याआधी लॅपटॉपवरच्या फोल्डरचं नाव `Lagna-2` करणं. मग दोन्ही फोल्डर डिस्कवर शेजारी शेजारी बसतात. फोल्डर उघडून फक्त आतले फोटो ओढले, तर प्रश्न प्रत्येक फोटोपुरता विचारला जातो. पण आत उपफोल्डर असतील आणि त्यांचीही नावं जुळत असतील, तर त्यांच्यावर पुन्हा तेच संकट येतं.

काम बरोबर झालं का, हे मोजून कळतं. विंडोजवर फोल्डरवर राइट क्लिक करून 'Properties', मॅकवर Command+I, आणि आत किती फायली आहेत ते पाहा. ३०० आणि ४० मिळून ३४० भरले, तरच लॅपटॉपवरचा फोल्डर पुसा.