सहा जिन्नसांचा मागोवा

उबादा इब्न सामित या पैगंबरांच्या सहाबीच्या, म्हणजे प्रत्यक्ष सहवासातील अनुयायाच्या, नावावर एक हदीस सांगितली जाते. सोने, चांदी, गहू, जव, खजूर आणि मीठ या सहा जिन्नसांपैकी कोणत्याही एकाचा त्याच जिन्नसाशी विनिमय करावयाचा झाल्यास तो समसमान आणि हातोहात व्हावा, जिन्नस भिन्न असतील तर परिमाण हवे ते ठरवावे, मात्र देणेघेणे रोखीचे असावे, असा तिचा आशय आहे. या आज्ञेचे उल्लंघन म्हणजे रिबा, अर्थात निषिद्ध वाढावा. आज्ञा एवढीच आहे. आणि इस्लामी न्यायशास्त्रातील कियास व इजमा या दोन साधनांविषयी निरनिराळ्या संप्रदायांनी, म्हणजे मजहबांनी, आठव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत जो वाद केला, तो समजून घेण्यास या सहा नावांइतके उपयुक्त उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. कारण आज्ञा सहा जिन्नसांपुरती, आणि बाजार मात्र शेकडो जिन्नसांचा. तांदळाचे काय करावयाचे? लोखंडाचे काय, सफरचंदाचे काय?

ज्या प्रकरणी श्रुतिवचन आहे तेथून, जेथे ते नाही अशा प्रकरणाकडे नियम नेणे, यास कियास म्हणतात. आणि नेण्याचा अधिकार त्या दोहोंत समान असणाऱ्या निमित्ताने, म्हणजे इल्लतीने, मिळतो. आपल्या नैयायिकांच्या अनुमानात हेतूला जे स्थान, तेच येथे इल्लतीला आहे. अडचण एवढीच की वचन पुष्कळदा हेतू सांगत नाही. सहा जिन्नसांच्या हदीसमध्येही तो सांगितलेला नाही, म्हणून शोधणाऱ्याने तो शोधावयाचा, आणि शोध जसा वळेल तसा कायदा वळावयाचा.

इराकमधील कूफा शहरात अबू हनीफा (मृत्यू इ. स. ७६७) आणि त्यांचे शिष्य अबू यूसुफ व मुहंमद शैबानी यांनी हा शोध व्यापाऱ्याच्या तागडीपाशी नेऊन सोडला. सोने-चांदी तोलून विकतात, उरलेले चार जिन्नस तत्कालीन अरबस्तानात मापून विकत. म्हणून तोल किंवा माप आणि त्यासोबत जिन्नसाची सजातीयता, हीच इल्लत, असे त्यांनी ठरविले. त्यातून निघणारे निष्कर्ष त्यांनी धीटपणे स्वीकारले. लोखंड तोलले जाते, चुना मापला जातो. तेव्हा ते खाद्य नसूनही लोखंडास लोखंड आणि चुन्यास चुना समसमानच द्यावयाचे. उलट सफरचंदे मोजून विकली जात असतील तर एकास दोन देण्यास हरकत नाही, आणि ओंजळभर गव्हाच्या बदल्यात दोन ओंजळी गहूही चालतील, कारण ‘सा’ या धान्यमापाच्या अर्ध्याहून कमी धान्यास शास्त्रात मापच नाही. खाण्याच्या वस्तूला सूट आणि चुन्याला बंधन हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु समानता पाळावयाची तर ती आधी मोजता आली पाहिजे, आणि जेथे मोजण्याचे साधनच नाही तेथे समानतेची आज्ञा कशी लागू करावी, हा त्यांचा प्रश्न मला अजूनही वजनदार वाटतो.

मदीनेतील मालिक इब्न अनस (मृत्यू इ. स. ७९५) यांनी त्याच सहा नावांकडे पाहिले ते कोठाराच्या दृष्टीने. गहू, जव आणि खजूर यांवर माणसाचा निर्वाह चालतो आणि ती साठवून ठेवता येतात. मीठ हे स्वतः निर्वाहाचे अन्न नसले तरी त्या अन्नाला रुची आणणारे व टिकविणारे आहे. म्हणून निर्वाहयोग्यता आणि साठवणक्षमता हीच त्या चौघांची इल्लत, आणि सोन्याचांदीची इल्लत मूल्यमापनाचे साधन असणे. तांदूळ या कसोटीस उतरतो, ताजे फळ उतरत नाही. तेव्हा फळांच्या विनिमयात कमीजास्त चालेल, उधारी मात्र चालणार नाही.

मालिकांचे खरे वैशिष्ट्य मात्र इजमाच्या, म्हणजे मतैक्याच्या, कल्पनेत आहे. मतैक्य कोणाचे, या प्रश्नास त्यांचे उत्तर मदीनेतील वहिवाट असे होते: ज्या नगरात पैगंबर राहिले, व्यवहार केले आणि वारले, तेथील पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आचार हा एखाद्या एकट्या माणसाने सांगितलेल्या हदीसपेक्षा अधिक भरवशाचा पुरावा आहे. परंपरा असे सांगते की अबू यूसुफ मदीनेस आले असता ‘सा’ या धान्यमापाविषयी वाद निघाला. इराकमध्ये एक सा ८ रतलांचा मानीत. तेव्हा मदीनेतील जुन्या घराण्यांचे वंशज आपापल्या घरची, बापजाद्यांपासून चालत आलेली मापे घेऊन आले, ती मापून पाहिली असता सा ५ पूर्णांक एक तृतीयांश रतलांचा भरला, आणि अबू यूसुफांनी आपल्या गुरूचे मत सोडले. मदीनेच्या वहिवाटीचे सामर्थ्य यात स्पष्ट दिसते, आणि तिची मर्यादाही: मापाच्या बाबतीत गावाची स्मृती निर्णायक ठरू शकते, पण ज्या प्रश्नाचा निर्णय बुद्धीने करावयाचा, तेथे मदीनेच्या विद्वानाचे मत कूफ्याच्या विद्वानाहून श्रेष्ठ का, याचे समाधानकारक उत्तर त्या घरातून निघत नाही.

ही उणीव ज्यांना सर्वांत तीव्रतेने जाणवली ते मुहंमद इब्न इद्रीस शाफिई (इ. स. ७६७-८२०). त्यांनी मालिकांपाशी अध्ययन केले होते, बगदादेत शैबानींशी वाद केले होते, आणि दोन्ही पक्षांचे बलाबल जाणून मग ‘रिसाला’ या ग्रंथात कुराण, सुन्ना, इजमा आणि कियास अशी प्रमाणांची उतरंड बांधली. कियासला त्यांनी स्थान दिले ते बांधून ठेवून: त्याने वचनाशी जोडलेलेच राहावे, आणि कियासचा निष्कर्ष गैरसोयीचा वाटला म्हणून तो बाजूस सारून अधिक इष्ट वाटणारा नियम उचलावा, ही हनफींची इस्तिहसान नावाची रीत त्यांनी स्वतंत्र प्रबंध लिहून खोडून काढली. इजमाही त्यांनी एका नगराच्या हातून काढून घेऊन सबंध समाजाच्या स्वाधीन केला. कोणी मत मांडले आणि इतर गप्प राहिले, एवढ्याने हनफी मतैक्य झाल्याचे मानीत. शाफिईंना मात्र मौन हे संमतीचे लक्षण मान्य नव्हते.

सहा जिन्नसांबाबत इजिप्तमधील अखेरच्या वर्षांतील त्यांचे मत असे झाले की चार जिन्नसांची इल्लत खाद्यत्व आणि सोन्याचांदीची इल्लत मूल्यत्व. म्हणून एका सफरचंदास दोन देता येणार नाहीत, ओंजळीस दोन ओंजळी देता येणार नाहीत, आणि लोखंड व चुना मात्र मोकळे. पुढे शाफिई पंडितांनी हनफींच्या इल्लतीवर जो आघात केला, तो या सबंध वादातील मला सर्वांत मर्मग्राही वाटतो, कारण त्यात कियासची परीक्षा इजमाने होते. हनफींचा स्वतःचाच नियम असा की दोन जिन्नस भिन्न असले तरी दोन्ही तोलले जात असतील तर त्यांत कमीजास्त चालेल, उधारी चालणार नाही. आता दीनार हे सोने, म्हणजे तोलाचा जिन्नस, लोखंडही तोलाचाच. मग आज दीनार देऊन चार महिन्यांनी लोखंड घेण्याचा करार निषिद्ध ठरावयास हवा. परंतु असा आगाऊ रकमेचा करार, ज्यास सलम म्हणतात, वैध आहे याविषयी सर्वांचे एकमत आहे. इल्लत असूनही नियम लागत नसेल तर ती इल्लतच नव्हे. हनफींनी उत्तर दिले की सोने आणि लोखंड तोलण्याची वजने व रीत निरनिराळी असल्यामुळे तो तोल एक नव्हे. उत्तर चतुर आहे, पण ते गरजेपोटी शोधलेले दिसते.

हनफींचा प्रतिटोलाही तितकाच भेदक होता. शाफिईंचे मूल्यत्व सोन्याचांदीबाहेर कोठेच जात नाही, तांब्याच्या चलनी नाण्यांपर्यंतही नाही. मग जी इल्लत एका नव्या प्रकरणाकडेही नियम नेऊ शकत नाही, ती शोधण्याचे प्रयोजन काय? खुद्द हनफी घरातही या तांब्याच्या नाण्यांवरून फूट होती: विशिष्ट एका नाण्याच्या बदल्यात विशिष्ट दोन नाणी देण्यास अबू हनीफा व अबू यूसुफ यांची मुभा होती, शैबानींची नव्हती, कारण लोकांनी ज्यास चलन मानले त्यास व्यवहार करणाऱ्या दोघांच्या मर्जीने माल करता येत नाही.

अहमद इब्न हंबल (मृत्यू इ. स. ८५५) यांना दोन्ही साधनांविषयी संकोच होता. कियासकडे ते अगदी नाइलाज झाल्यावरच वळत, आणि इजमाचा दावा करणाऱ्यास खोटा ठरवून, लोकांत मतभेद असेलही, आपणास तो ठाऊक नाही एवढेच म्हणावे, असे सांगत. बगदादचे दाऊद (मृत्यू इ. स. ८८४) यांचा जाहिरी संप्रदाय याहून पुढे गेला. त्याचे कोर्दोबातील सर्वांत प्रखर प्रवक्ते इब्न हज्म (इ. स. ९९४-१०६४) यांनी कियास समूळ नाकारला आणि इजमा केवळ सहाबांच्या पिढीपुरता मानला: ईश्वरास सातवा जिन्नस सांगावयाचा असता तर त्याने सांगितला असता. त्यामुळे चांगल्या दहा पायली तांदळाच्या बदल्यात हलक्या बारा पायली घेण्यास चारही सुन्नी संप्रदाय तीन निरनिराळ्या कारणांनी बंदी करतात, आणि इब्न हज्म मात्र मुभा देतात. शिया इमामी परंपरेनेही हा कियास नाकारला. मात्र जेथे वचनच हेतू सांगते तेथे नियम पुढे नेण्यास तिची ना नाही, आणि इजमाला ती प्रमाण मानते ते त्यातून इमामाचे मत प्रकट होते म्हणून. इब्न हज्मांच्या निष्ठेत एक निर्मळ सुसंगती आहे. परंतु ज्या शास्त्राला तांदूळ खाणाऱ्या मुलुखांत काजीच्या हाती निवाडा द्यावयाचा होता, त्यास सहा नावांवर थांबणे परवडले नसते, आणि त्यांचा संप्रदाय टिकला नाही यात मला नवल वाटत नाही.

आपल्याकडे कोकणातील मुसलमान बहुशः शाफिई आणि देशावरील बहुशः हनफी आहेत. म्हणजे सफरचंदाच्या प्रश्नाची दोन उत्तरे घाटाच्या दोन अंगांस नांदत आली आहेत. सहा जिन्नसांचा हिशेबही अद्याप मिटलेला नाही. कागदी नोट ना तोलली जाते, ना मापली, ना खाल्ली. जुन्या इल्लतींपैकी तिला लागू पडण्याजोगी एकच उरते, ती मूल्यत्वाची, आणि तीही सोन्याचांदीपुरती न ठेवता, शैबानींनी तांब्याच्या नाण्यांबाबत केले तशी, चलनामागे चालविली तर. इस्लामी राष्ट्रांच्या फिकह अकादमीने १९८६ साली अम्मान येथील अधिवेशनात हाच निर्णय दिला: कागदी चलनात मूल्यत्व पूर्णपणे आहे आणि रिबाचे नियम त्यास लागू आहेत.