घर दूर गेले, जेवण उशिरा गेले

भाड्याचे घर निवडताना आपण भाडे आणि प्रवासाचा खर्च मांडतो. घरी एखादे वृद्ध माणूस असेल, तर त्या हिशेबात आणखी एक रकाना हवा, तो म्हणजे घड्याळाचा. तो रिकामा राहिल्यास काय घडते, हे माझ्या दवाखान्यात आलेल्या एका कुटुंबाच्या उदाहरणावरून सांगतो.

मुलगा मुंबईत फोर्ट भागात नोकरीला, सून वाशीत. आई ७४ वर्षांच्या. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही, आणि सकाळ-संध्याकाळ जेवणापूर्वी इन्सुलिन. नेरुळमधील घराचे भाडे ३४,००० झाले, तेव्हा त्यांनी द्रोणागिरीत १४,००० रुपयांचे घर घेतले. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत धावू लागल्याने हा विचार त्यांना शक्य वाटला. घर मोकळे, हवेशीर. आईंना खाली फिरायला जागा मिळाली आणि शेजारही चांगला लाभला.

मात्र उरण मार्गावर गाड्या कमी. एक चुकली की पुढच्या गाडीसाठी ताटकळावे लागते, शिवाय नेरुळला गाडी बदलणे आलेच. सून पूर्वी पावणेसातला घरी येई, ती आता सव्वाआठला येऊ लागली. मुलाला सव्वानऊ होऊ लागले. आई मात्र जुन्या सवयीने आठ वाजता इन्सुलिन घेत आणि ‘मुलाबरोबर दोन घास खाईन’ म्हणून थांबत. त्यांचे इन्सुलिन मिश्र प्रकारचे होते. ते टोचल्यावर साधारण अर्ध्या तासात जेवावे लागते, आणि इथे तर सव्वा तास उलटत होता.

एका रात्री मुलगा आला तेव्हा आई घामाने भिजलेल्या, असंबद्ध बोलत होत्या. साखर ४८ होती. सुदैवाने गिळण्याइतकी शुद्ध होती, म्हणून साखरेचे पाणी देता आले.

वाचकहो, हे ओळखायला शिकावे. घाम, थरथर, भूक, छातीत धडधड, गोंधळलेले बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम मात्र सहसा लपत नाही. साखर ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज पडल्यास पुन्हा द्यावी. साखर सावरली की पोळी-भातासारखे काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

पुढच्या भेटीत आम्ही हिशेब नव्याने मांडला. भाड्यात महिन्याला २०,००० वाचत होते. पण संध्याकाळी आईंजवळ थांबायला बाई ठेवायची तर ६,००० आणि स्टेशनपर्यंतच्या रिक्षांचे अडीच हजार. म्हणजे खरी बचत ११,५०० रुपये. त्यासाठी मुलगा रोज १०० मिनिटे आणि सून ९० मिनिटे जादा प्रवासात घालवत होती. कामाचे २२ दिवस धरले, तर महिन्याला जवळजवळ ७० तास. तासाला सुमारे १६५ रुपये पडले. आकडा समोर आला आणि घरातील वाद शांत झाला. कारण आता ‘स्वस्त की महाग’ असा प्रश्न उरला नव्हता, तर ‘हे तास आपल्याला परवडतात का’ असा झाला होता.

मी त्यांना नेरुळला परत जा, असे सांगितले नाही. भाडे भरताना औषधे किंवा साखर तपासण्याच्या पट्ट्या यांत कपात होणार असेल, तर जवळचे घरही घातकच. शिवाय आईंना विचारल्यावर त्या म्हणाल्या, “तिकडे मी चार भिंतींत होते, इथे मला माणसे भेटतात.” मुलांनी हा प्रश्न त्यांना आधी विचारलाच नव्हता.

शेवटी ते द्रोणागिरीतच राहिले. बाई पाच ते साडेआठ येते, ताट वाढून तयार झाल्यावरच इन्सुलिन, आणि आई कोणासाठीही न थांबता जेवतात. मुलगा आल्यावर त्या त्याच्याजवळ नुसत्या बसतात. मात्रेत बदल हवा असेल तर तो डॉक्टरच करतील. घरच्या घरी करू नये.

आपणही घर बदलणार असाल, तर अकरा महिन्यांच्या करारावर सही करण्यापूर्वी एका कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, दारापासून दारापर्यंत प्रवास करून पाहा. मग घरातील वृद्धांच्या औषधांच्या आणि जेवणाच्या वेळा एका कागदावर लिहा आणि प्रत्येक वेळेपुढे त्या वेळी घरात कोण असेल त्याचे नाव लिहा. जिथे नाव सुचत नाही, तिथे माणूस कुठून आणायचा हे आधी ठरवा. भाड्याची घासाघीस त्यानंतर.