वार्षिक सबस्क्रिप्शन घेण्याआधी हा हिशेब करा

गिटार शिकवणारं एक अ‍ॅप नुकतंच वापरून पाहिलं. महिन्याचे २९९ रुपये, वर्षाचे १,७९९. पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘फक्त १५० रुपये महिना’ असं दिसतं, पण सहा महिन्यांचे सुटे पैसे भरले तरी १,७९४ रुपयेच होतात. म्हणजे सहा महिन्यांहून जास्त वापर झाला, तरच वार्षिक प्लॅन परवडतो. धडे चांगले आहेत, सुरुवातीचे तर फारच छान. पुढे मात्र तेच तेच येतं, त्यामुळे माझ्या मते यासाठी महिन्याचा प्लॅन पुरे.

आता रिफंडचं. अ‍ॅप फोनवरून काढून टाकलं म्हणून पैसे कापणं थांबत नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये Payments & subscriptions मध्ये जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करावं लागतं. आणि रद्द केलं म्हणजे पैसे परत मिळाले असंही नाही. त्याने फक्त पुढची वसुली थांबते, भरलेली मुदत संपेपर्यंत अ‍ॅप चालू राहतं. रिफंडची विनंती वेगळी करावी लागते. खरेदीनंतर ४८ तासांच्या आत ती गूगलकडे करता येते. त्यानंतर बहुतेक वेळा अ‍ॅप बनवणाऱ्याच्याच दारात जावं लागतं, आणि तिथे त्याचे नियम चालतात. माझी विनंती पहिल्याच दिवशी गेली, म्हणून वार्षिक प्लॅनचे पैसे पूर्ण परत आले.

मोफत चाचणी सुरू करताच ती संपण्याच्या आदल्या दिवसाचा रिमाइंडर फोनमध्ये लावून ठेवा.