चेहऱ्याची लाली आणि थांबवलेले मलम

गेल्या उन्हाळ्यात चकलांबा येथील आमच्या चिकित्सालयात ३८ वर्षांच्या एक भगिनी आल्या. गालांवर व नाकावर सतत दाह, चुलीपुढे बसताच चेहरा तापणे आणि हनुवटीवर बारीक पिटिका, अशी तक्रार होती. वर्ण सावळा असल्याने लाली नजरेत भरत नव्हती. काचपट्टी गालावर दाबली असता त्वचा फिकी पडली आणि काच उचलताच तांबूस छटा परतली. काळे वा पांढरे कील मात्र एकही दिसले नाहीत. मुखदूषिका समजून उपचार करण्याचा मोह येथेच आवरावा लागतो. ही रोझेशियाची लक्षणे होत.

चेहऱ्याला काय लावता, या प्रश्नाला प्रथम "काही नाही" हेच उत्तर मिळाले. पिशवीतील ट्यूब पाहिल्यावर उलगडा झाला. वांगासाठी दीड वर्ष त्या रोज रात्री मोमेटासोन, हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन यांचे एकत्रित मलम लावीत होत्या. बाह्य उपयोगाची अनेक स्टिरॉइड मलमे २०१८ मध्ये शेड्यूल एचच्या कक्षेत आणली गेली आहेत. औषधविक्रेत्या बंधूंनी रिकामी ट्यूब पाहून नवी देऊ नये, ही विनंती त्यासाठीच.

मलम थांबवले की काही दिवसांत चेहरा अधिक भडकतो. हे आधीच सांगितले नाही तर रुग्ण पुन्हा त्याच मलमाकडे वळतो. या भगिनींचा चेहरा सहाव्या दिवशी सुजला. गार पाण्यात भिजवून पिळलेले मऊ फडके दहा-दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवण्यास सांगितले. साबण, बेसन, लिंबू व उटणे पूर्ण वर्ज्य केले. दोन वेळा साध्या पाण्याने धुणे आणि न घासता टिपणे, एवढेच ठेवले. शतधौत घृत चार दिवस जबड्याच्या कडेला लावून पाहिले, मग पिटिका सोडून अतिशय पातळ दिले.

तिसऱ्या आठवड्यात चूक आमचीच झाली. मंजिष्ठा-चंदनाचा लेप दिला आणि तो वाळण्यापूर्वी काढण्याची सूचना द्यायची राहिली. वाळलेला लेप ठेवू नये असे सुश्रुताचार्यांनी सांगितले असतानाही हे घडले, आणि दाह पुन्हा वाढला.

पित्तकर पदार्थांची लांबलचक यादी आम्ही दिली नाही. ती कोण पाळणार? त्याऐवजी त्यांच्या मुलीने दिनदर्शिकेवर दाहाच्या दिवशी खूण करून त्या दिवशीचे काम व खाणे लिहिले. महिनाभरात दिसले की ठेच्याने फारसे काही होत नव्हते; कढत चहा, चुलीची धग आणि दुपारची खुरपणी यांनीच चेहरा पेटत होता. चहा कोमट झाला, भाकरी पहाटे होऊ लागली, शेतात पदरासोबत झिंक ऑक्साइडचे लोशन आले.

तीन महिन्यांनी दाह व पिटिका शमल्या. नाकाच्या कडेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या राहिल्या. त्या लेपाने जात नाहीत, त्यासाठी लेझरचा मार्ग आहे. मध्यंतरी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले, तेव्हा आम्ही त्यांना त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले. लालीसोबत सांधेदुखी किंवा तोंडात व्रण आढळले असते, तर प्रथम ल्युपसची तपासणी करून घेतली असती.